ऋण संख्या शिकवताना लिफ्ट, थर्मामीटर आणि पासबुक: कुठलं कशासाठी?

प्रश्न: मी मालवण तालुक्यातल्या एका शाळेत सहावीला गणित शिकवते. ऋण संख्यांसाठी लिफ्ट, थर्मामीटर आणि बँकेचं पासबुक अशी तीन उदाहरणं घ्यायचं ठरवलंय. पण मागच्या वर्षी हे सगळं सांगूनही मुलं −७ ला −३ पेक्षा मोठं म्हणत होती आणि ५ − (−३) चं उत्तर २ लिहीत होती. तिन्ही एकाच तासात घेऊ का? आणि वजा वजा अधिक कसं होतं ते मुलांना पटेल असं कसं सांगू?

उत्तर:

ताई, एका तासात तिन्ही अजिबात घेऊ नका. ही तीन उदाहरणं एकाच गोष्टीची तीन चित्रं आहेत असं आपण धरून चालतो आणि घोळ तिथेच होतो, कारण तिघांचं काम वेगळं आहे. लिफ्ट चालणं शिकवते, म्हणजे कुठून निघालो, किती सरकलो, कुठे पोचलो. थर्मामीटर लहानमोठं आणि दोघांतला फरक शिकवतो. आणि तुमचं ते वजा वजा अधिक फक्त पासबुकात नीट पटतं, बाकीच्या दोघांत ते ओढूनताणून बसवावं लागतं. म्हणून क्रम हाच ठेवा, आणि पासबुकाला बाकी दोघांच्या दुप्पट वेळ द्या.

आधी लिफ्ट. आपल्याकडच्या मुलांनी लिफ्ट कितीशी पाहिलेली असते? मुंबईला काकाकडे जाऊन आलेली चार मुलं सोडली तर बाकीच्यांनी कणकवलीच्या नाहीतर कुडाळच्या एखाद्या हॉस्पिटलात पाहिली असेल, आणि बेसमेंटला जाणारी तर त्याहून कमी, कारण आपल्या पावसात जमिनीखाली पार्किंग करायला कोण धजणार, सगळे खांबांवर बिल्डिंग उभी करतात आणि खाली गाड्या लावतात. त्यामुळे नुसतं 'लिफ्टचं उदाहरण घ्या' म्हणून भागत नाही, लिफ्ट वर्गात बनवावी लागते. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी जोडून भिंतीवर एक उभी पट्टी लावा, मधे तळमजला म्हणजे ०, वर ६ पर्यंत, खाली −५ पर्यंत, सगळे मजले सारख्या अंतरावर. काडेपेटीला दोरा बांधून वरच्या खिळ्यावरून सोडा. झाली लिफ्ट.

इथे मुलांना एकच गोष्ट कळायला हवी, की मजल्याचा नंबर वेगळा आणि लिफ्ट किती सरकली ते वेगळं. 'ऋण तीन' हे ठिकाण आहे, 'तीन खाली' ही हालचाल आहे, आणि वहीत दोघांसाठी तीच आडवी रेघ काढतात म्हणून मुलं गोंधळतात. तोंडाने बोलताना तरी हे दोन वेगळे ठेवा, संख्या असेल तर ऋण तीन म्हणा आणि क्रिया असेल तर वजा तीन. 'मायनस मायनस' म्हणायला लागलो की हा फरक आपणच पुसून टाकतो. आणि तिसरा मजला अधिक दुसरा मजला असली बेरीज लिफ्टमधे कधीच करायला सांगू नका, दोन मजल्यांची बेरीज होत नसते, मजला आणि सरकणं यांचीच होते.

आता गणित द्या: लिफ्ट २ वर आहे, ५ मजले खाली गेली, कुठे आली? बरोबर उत्तर −३. चुकीची उत्तरं मात्र नीट बघा, त्यातून बरंच कळतं. ज्याने −२ लिहिलं तो ज्या मजल्यावर उभा आहे तोच पहिला मोजतोय (दोन, एक, शून्य, ऋण एक, ऋण दोन, झाले पाच). ज्याने −४ लिहिलं तो शून्य गाळतोय, एकनंतर थेट ऋण एक. दोन्ही चुका एकाएकानेच हुकलेल्या म्हणून सारख्या वाटतात पण उपाय वेगळे आहेत. खात्री करायची तर दुसरं गणित द्या: −१ वरून ३ खाली. बरोबर −४. पहिला मुलगा इथेही चुकेल आणि −३ म्हणेल, दुसरा मात्र बरोबर येईल कारण वाटेत शून्य लागतच नाही. पहिल्याला सांगायचं की मजले मोजू नको, काडेपेटी किती वेळा हलली ते मोज, प्रत्येक हलण्याला टाळी. दुसऱ्याला काडेपेटी प्रत्येक वेळी तळमजल्यावर थांबवून दार उघडायला लावायचं. लिफ्टवर याहून जास्त वेळ घालवू नका.

मग थर्मामीटर. इथे आपली अडचण अशी की कोकणातल्या मुलाने शून्याखालचं तापमान अंगावर कधी घेतलेलंच नसतं, कडाक्याची थंडी पडली म्हणून आपण शेकोट्या पेटवतो तेव्हाही पारा शून्याच्या आसपास नसतो. घरातला तापाचा थर्मामीटर साधारण ३५ पासून ४२ पर्यंतच असतो, त्यात शून्यच नाही, म्हणजे तो इथे कामाचा नाही. पण आपल्याकडे बंदर आहे आणि बंदरावर बर्फ आहे. मासळी भरायला फोडलेला बर्फ येतो त्यातला थोडा सकाळी थर्मासमधून आणा, सोबत जाड मीठ.

आधी नुसत्या बर्फाच्या चुऱ्यात थर्मामीटर ठेवा, थोडं पाणी सुटू द्या, तो शून्यापाशी येऊन थांबेल आणि बराच वेळ हलणार नाही. हे मुलांना बघू द्या, घाई करू नका, कारण शून्य म्हणजे 'काही नाही' असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं आणि इथे शून्य ही एक जागा आहे हे डोळ्यांना दिसतं. मग तीन भाग बर्फाला एक भाग मीठ वजनाने, म्हणजे ३०० ग्रॅमला १०० ग्रॅम, स्टीलच्या भांड्यात घालून ढवळा, भांड्याभोवती जुना टॉवेल गुंडाळा. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो, वितळायला लागणारी उष्णता तो त्या मिश्रणातूनच ओढतो आणि पारा खाली जायला लागतो. या मिश्रणाची तळाची हद्द −२१ च्या जवळ आहे, वर्गात तितकं सहसा जात नाही, पण −१० च्या आसपास सहज जातं, आणि म्हणूनच शाळेच्या प्रयोगशाळेतला −१० ते ११० वाला थर्मामीटर अपुरा पडू शकतो. लाल द्रवाचा −२० किंवा त्याखाली जाणारा मिळाला तर तो घ्या, किंवा डिजिटल प्रोब. पाऱ्याचा काचेचा मुलांच्या हातात देऊच नका. आणि त्या मिश्रणात कोणी बोट घालून बसत नाही ना तेवढं बघा, मीठ घातलेला बर्फ साध्या बर्फापेक्षा बराच थंड असतो, कातडीला इजा होते.

वाचताना एक चूक हमखास होते. खूण शून्याच्या खाली तीन रेघांवर असते, मूल सवयीने खालच्या छापील आकड्यापासून वर मोजायला लागतं, −१० पासून वर सात रेघा म्हणून −१७ सांगतं. शून्याच्या वर असताना खालच्या आकड्यापासून वर मोजणं बरोबरच होतं ना, म्हणून ते मूल तसं करतं. त्याला सांगा, शून्यावर बोट ठेव आणि तिथून लांब जात मोज, वर असो की खाली.

आता −७ आणि −३. आमच्याकडे एकाने मला ठासून सांगितलं होतं, "सर, ऋण सात जास्त थंड, मगे मोठो तोच!" आणि त्याचं म्हणणं वेडेपणाचं नाही. त्याला 'थंडपणा किती' असा प्रश्न ऐकू येतो आणि त्याचं उत्तर सात हेच आहे. चूक आपल्या प्रश्नात असते. 'कुठे जास्त थंड आहे?' असं विचारलंत की तुम्हीच त्याला उलट्या बाजूला लोटलंत. 'कुठे तापमान जास्त, कुठे कमी थंडी वाजेल?' असं विचारा. मासळीवाल्यांच्या किंवा आईस्क्रीमच्या दुकानातल्या फ्रीजरवर −१८ असा आकडा दिसतो, तो बऱ्याच मुलांनी पाहिलेला असतो, त्याचा वापर करा: लाइट गेली, फ्रीजर तापायला लागला, −१८ वरून −१२ झालं, तर तापमान वाढलं की घटलं? इथे मुलं चटकन 'वाढलं' म्हणतात, आणि वाढून −१२ झालं म्हणजे −१२ मोठी, हे त्यांचं त्यांनाच कबूल करावं लागतं. मोठी संख्या म्हणजे पट्टीवर वर असलेली. शून्यापासून लांब असलेली हा वेगळा प्रश्न आहे, दोन्ही प्रश्न फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि त्याच जोड्यांना दोन्ही विचारा.

थर्मामीटरवर अजून एक करून ठेवा, पुढे कामाला येतं. दुपारी ५ अंश होतं, पहाटे −३, किती अंशांचा फरक? पट्टीवर मोजून ८. तीन शून्यापर्यंत आणि पाच त्याच्या वर. अजून ५ − (−३) लिहू नका, नुसतं आठ म्हणून सोडून द्या.

आता मुख्य काम, पासबुक. मुलांना घरची पासबुकं आणायला सांगू नका हे आधी सांगतो, खातेनंबर उघडे पडतात आणि कोणाच्या घरी कर्ज किती हे वर्गात कळायचं काही कारण नाही. वहीच्या पानाचं खोटं पासबुक करा. पण कुठल्या खात्याचं? साध्या बचत खात्याचं केलंत तर कोणीतरी हुशार विचारणारच, "खात्यात पैसे नाय तर काढतलो कसो?" आणि त्याचं बरोबर आहे, बचत खात्यात असतील तेवढेच निघतात. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून दंड लावूनही बँकेने बचत खातं शून्याच्या खाली नेता कामा नये असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, १ एप्रिल २०१५ पासूनचा. मग बाकी ऋण होते कुठे? कॅश क्रेडिटच्या खात्यात, किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यात. आपल्या आंबा बागायतदारांकडे ही खाती असतात, मर्यादा ठरलेली असते आणि त्या मर्यादेपर्यंत शून्याच्या खाली जाऊन उचल घेता येते. मात्र तिथे छापताना बहुतेक वेळा ऋण चिन्ह नसतं, रकमेपुढे डेबिटची खूण असते, म्हणून मुलांना ते ऋण चिन्हाने लिहायला शिकवा.

आता हे खातं फळ्यावर मांडा. शंभराच्या पटीत घ्या म्हणजे आकडे लहान राहतात, आणि प्रत्येक नोंदीची कागदी चिठ्ठी करा, कारण पुढे चिठ्ठी हातात धरून उचलायची आहे. खातं शून्यावर सुरू झालं. खतासाठी उचल, चिठ्ठी −४. फवारणीची मजुरी, चिठ्ठी −३. पेट्या विकल्याचे जमा झाले, चिठ्ठी +५. बाकी किती? −४, मग −७, मग −२. टेबलावर तीन चिठ्ठ्या, बाकी −२. बाकी म्हणजे टेबलावरच्या सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज, हे दोनदा तीनदा म्हणवून घ्या, पुढचं सगळं याच वाक्यावर उभं आहे.

आता बागायतदार बँकेत गेला आणि म्हणाला, ही मजुरीची नोंद माझी नाही, दुसऱ्याची आहे. बँकेने तपासलं, खरंच चूक. ती चिठ्ठी काढून टाकायची. एका मुलाला पुढे बोलवा आणि −३ ची चिठ्ठी टेबलावरून उचलायला लावा. राहिल्या −४ आणि +५. बाकी +१. आता फळ्यावर लिहा काय झालं ते: बाकी −२ होती, तिच्यातून −३ काढून घेतले, आले +१.

−२ − (−३) = +१

नियम कोणीच सांगितलेला नाही, तरी सगळ्या वर्गाला माहीत आहे की खर्चाची नोंद काढली की बाकी वाढणार. मग लगेच उलटं करा. −३ परत ठेवा आणि म्हणा की चूक मजुरीत नव्हतीच, पेट्यांचे जमा झालेले ५ दुसऱ्याचे होते. +५ ची चिठ्ठी उचला. राहिल्या −४ आणि −३, बाकी −७. म्हणजे −२ − (+५) = −७. दोन्ही एकापाठोपाठ केलं की मुलांना दिसतं की काढणं म्हणजे नेहमी कमी होणं असं नाही, काय काढलं त्यावर ते ठरतं.

आता पुढची पायरी, आणि बरेच जण ती गाळतात. खरी बँक नोंद खोडत नाही. पासबुकात एकदा छापलेली ओळ तशीच राहते आणि चूक दुरुस्त करायची तर खाली नवीन उलटी नोंद टाकतात, उलट जमा. म्हणजे −३ काढण्याऐवजी +३ ची चिठ्ठी ठेवायची. करून बघा: −४, −३, +५ आणि वर +३. बेरीज +१. चिठ्ठी उचलली तरी +१, उलटी चिठ्ठी ठेवली तरी +१. पाठ्यपुस्तकात जे लिहिलंय ना, संख्या वजा करायची म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवायची, ते बँकेतल्या माणसाचं नेहमीचं काम आहे. मुलांना दोन्ही कृती हातांनी करू द्या आणि शेजारी शेजारी लिहू द्या:

−२ − (−३) = −२ + ३ = १

आता तुमचं ५ − (−३). इथे अडचण आहे, टेबलावर नुसती +५ ची चिठ्ठी आहे, −३ ची चिठ्ठीच नाही, मग उचलणार काय? इथे मुलं अडतात आणि तीन काढायचे म्हणून सरळ पाचातून तीन काढून २ लिहितात. त्यांना विचारा, बाकी न बदलता टेबलावर −३ ची चिठ्ठी आणता येईल का? थोडा वेळ द्या, कोणीतरी म्हणतंच की सर, सोबत +३ पण ठेवूया. बरोबर. त्याच दिवशी तीन काढले आणि तीन भरले, बाकी जिथल्या तिथे. टेबलावर आता +५, +३, −३, बेरीज अजून ५ च. आता −३ उचला. राहिले +५ आणि +३. आठ.

आणि आता थर्मामीटरवर तुम्ही सोडून दिलेलं ते आठ आठवून द्या, −३ पासून ५ पर्यंत आठ अंश. दोन अगदी वेगळ्या वाटांनी तेच उत्तर आलं की मुलं गप्प होऊन फळ्याकडे बघतात, तेव्हा मधे बोलू नका. क्रमाकडे फक्त लक्ष द्या: ५ − (−३) म्हणजे −३ पासून ५ कडे जाणं, म्हणून वर आठ, आणि (−३) − ५ म्हणजे ५ पासून −३ कडे, म्हणून खाली आठ, −८. हे काही आजकालचं नाही, ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधे ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण असंच धरून नियम दिलेत, त्यात शून्यातून ऋण वजा केलं की धन येतं हाही आहे. चिठ्ठ्यांवर ० − (−४) करून बघायला सांगा, रिकाम्या टेबलावर जोडी ठेवून त्यातलं −४ उचलायचं, मुलांना हे फार आवडतं.

'वजा वजा अधिक' हे घोषवाक्य मात्र सहावीत तोंडपाठ करून घेऊ नका. ते मुळात गुणाकाराच्या चिन्हांसाठीचं पाठांतर आहे आणि गुणाकार आपल्या पुस्तकात सातवीला येतो. सहावीत ते डोक्यात बसलं की मूल दोन वजा दिसले की अधिक करतं, मग ते कुठेही असोत. −३ − ५ ला सरळ ८ लिहितात, खात्यातून आधी तीन उचलले, मग आणखी पाच उचलले आणि आठ जमा झाले म्हणे! आणि गुणाकार आल्यावर पासबुक तिथवर ओढू नका, ऋण तीन वेळा पैसे काढले म्हणजे काय हे सांगताना आपलीच तारांबळ उडते. लिफ्ट तर तिथे कामाचीच नाही.

शेवटी तपासायला चारच गणितं द्या, जास्त नकोत, पण प्रत्येकाखाली चिठ्ठ्या किंवा पट्टी काढायला लावा: −३ − ५, मग ५ − (−३), मग −३ + ५, आणि −५ − (−३). बरोबर उत्तरं −८, ८, २, −२. पहिल्याचं ८ आलं तर ते मूल घोषवाक्यावर चाललंय, आणि −२ आलं तर ते चिन्ह न बघता लहान संख्या मोठीतून वजा करतंय आणि पुढे ऋण चिकटवतंय. दुसऱ्याचं २ आलं तर जोडी ठेवायची पायरी कळलेली नाही, फक्त तेवढीच परत करा. तिसऱ्याचं −८ आलं तर लिफ्टवर परत न्या. चौथं शेवटी मुद्दाम ठेवलंय, तिथे पाचच्या उचलीतली तीन रद्द झाली, दोन राहिली, पण मुलं चिठ्ठी −५ ची एकच आहे म्हणून अडतात, त्यांना विचारा की ही पाचची उचल तीन आणि दोन अशी सुटी करून लिहिली तर चालेल का.